तगादा आणि लोभ : थकलेल्या बिलाच्या स्मरणपत्राची भाषा

(उज्जैन येथे व्यावहारिक मराठी या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)



व्यावहारिक मराठी शिकवताना आपण अर्ज शिकवतो, निमंत्रण शिकवतो, शोकसंदेशही शिकवतो. जुन्या गिऱ्हाइकाकडे अडकलेले पैसे मागणारे पत्र मात्र सहसा शिकवत नाही. छोट्या धंद्यात सर्वांत अवघड पत्र तेच असते. ते मऊ झाले तर पैसे येत नाहीत आणि कडक झाले तर गिऱ्हाईक जाते. आज अशा एकाच पत्राविषयी बोलायचे आहे. मुदत उलटून साठ दिवस झाले आहेत आणि समोर अकरा वर्षांचा गिऱ्हाईक आहे.

उदाहरण आपल्याच गावातले घेऊ. भैरवगढची ठशांची छपाई सर्वांना माहीत आहे. समजा, तेथे चादरी छापणारा एक छोटा कारखाना आहे. तो पुण्याच्या एका दुकानाला माल पाठवतो आणि दोघांचा पत्रव्यवहार मराठीतून चालतो. 13 मे 2025 रोजी 120 चादरी गेल्या. दर 650 रुपये, म्हणजे 78,000 आणि पाच टक्के जीएसटी धरून एकूण 81,900 रुपये. ठरलेली मुदत तीस दिवसांची होती, ती 12 जूनला संपली. 20 जूनला साधी आठवण दिली, तेव्हा 3 जुलैला 21,900 रुपये आले. 14 जुलैला पुन्हा कळवले, त्याला उत्तर नाही. आज 11 ऑगस्ट आहे आणि 60,000 रुपये बाकी आहेत. दरम्यान त्याच दुकानाने दिवाळीच्या मालाची मागणीही पाठवली आहे.

आता काय लिहायचे?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या जुन्या पत्रलेखनातच आहे. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला जाण्यापूर्वी ती याच उज्जैनला होती, आणि त्या काळच्या मोडी पत्रांचा साचा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. आधी समोरच्याच्या पायरीप्रमाणे मायना, मग नमस्कार, मग क्षेमकुशल आणि त्यानंतर एक शब्द येतो : ‘विशेष’. त्या शब्दापर्यंत सगळा मान माणसाचा असतो आणि त्या शब्दापासून पुढे काम सुरू होते. शेवटी ‘लोभ असावा’ म्हणून पुन्हा माणसाकडे येतात. मान आणि काम यांच्या जागा ठरलेल्या असत, त्यामुळे मानाने काम पातळ होत नसे आणि कामाने मान दुखावत नसे. मला आज सांगायचे आहे ते एवढेच. सौजन्य माणसाशी ठेवावे, ठामपणा आकड्यांत आणि तारखेत ठेवावा, आणि या दोन्हींची सरमिसळ करू नये.

आपली पत्रे बिघडतात ती या सरमिसळीमुळेच. ‘शक्य झाल्यास आपल्या सोयीने लवकरात लवकर रक्कम पाठवावी’ या वाक्यात सौजन्य तारखेच्या जागी जाऊन बसले आहे. सोय त्यांची, शक्यता त्यांची आणि ‘लवकर’ म्हणजे कधी तेही त्यांनीच ठरवायचे. उलट ‘आपण वारंवार कळवूनही दुर्लक्ष केले’ या वाक्यात ठामपणा माणसावर जाऊन आदळतो. पहिले पत्र बाजूला ठेवले जाते. दुसऱ्याला उत्तर येते, पण ते भांडणाचे असते.

याबाबतीत मराठीने आपल्याला एक फार सोयीची रचना दिली आहे. ‘आपण पैसे दिले नाहीत’ असे म्हटले की गिऱ्हाईक वाक्याचा कर्ता होतो आणि आरोपीही होतो. ‘आपल्याकडून 60,000 रुपये येणे आहे’ असे म्हटले की कोणावर बोट न दाखवता तीच गोष्ट सांगितली जाते. ‘येणे’ हा हिशेबाच्या वहीतला शब्द आहे, त्यात राग नाही. ‘तगादा’ हा शब्द मात्र पत्रात आणू नये. तो ज्याला लागतो त्याला झोंबतोच. आपल्या माळव्यातल्या मराठीत हिंदीच्या सवयीने ‘आपले पेमेंट बकाया आहे, ते करवून द्यावे’ असेही लिहिले जाते. त्यात कोणी, किती, कधी हे तिन्ही प्रश्न सुटे राहतात.

पत्र वाचणारेही दोघे असतात, हे ध्यानात ठेवावे. मालक मायना आणि शेवट वाचतो, तर त्याचा हिशेबनीस मधला भाग वाचतो. मालकाला तुम्ही फोनवर ‘काका’ म्हणत असाल, मुलीच्या लग्नाची चौकशी करत असाल, तर ते फोनवरच ठेवावे. हे पत्र फाइलमध्ये लागणार आहे. तेथे ‘आदरणीय’ पुरे होते. हिशेबनिसाला मात्र बिलाचा क्रमांक शोधायला लावू नये, कारण ‘कोणते बिल?’ हा प्रश्न आला की आणखी आठ दिवस जातात.

आता पत्रच वाचून दाखवतो.

*आदरणीय श्री. …… यांस,*

*सप्रेम नमस्कार.*

*गेली अकरा वर्षे आपल्या दुकानातून आमच्या चादरी विकल्या जात आहेत. या संबंधाचे मोल आम्ही जाणतो, म्हणून हे पत्र मी स्वतः लिहीत आहे.*

*आमचे बिल क्र. 47, दि. 13 मे 2025, रक्कम रु. 81,900. ठरलेली तीस दिवसांची मुदत 12 जून रोजी पूर्ण झाली. 3 जुलै रोजी आपल्याकडून रु. 21,900 मिळाले, त्याबद्दल आभारी आहोत. बाकी रु. 60,000 येणे आहे. मुदत उलटून आज साठ दिवस झाले. याविषयी 20 जून व 14 जुलै रोजी कळवले होते.*

*ही रक्कम गुरुवार, दि. 21 ऑगस्टपर्यंत आमच्या खात्यात जमा करावी, ही विनंती. मालाविषयी किंवा बिलाविषयी काही हरकत असल्यास, अथवा रक्कम दोन हप्त्यांत देणे सोयीचे असल्यास, तसे सोमवार, दि. 18 ऑगस्टपर्यंत लेखी कळवावे.*

*दिवाळीच्या मालाची आपली मागणी नोंदवून ठेवली आहे. वरील बाकी जमा होताच ती छपाईला घेऊ.*

*सोबत बिलाची प्रत व खातेउतारा जोडला आहे.*

*लोभ असावा.*

यातल्या काही जागांपाशी थोडे थांबू.

‘आपल्या नजरचुकीने राहून गेले असावे’ हे वाक्य येथे नाही. पहिल्या आठवणीत ते शोभते, कारण तेव्हा ते खरे असण्याचा संभव असतो. दोनदा कळवून, मध्ये काही रक्कम येऊन गेल्यावर ते खोटे ठरते, आणि ते खोटे आहे हे दोघांनाही ठाऊक असते. असे सौजन्य वाचणाऱ्याला टोमण्यासारखे लागते.

मिळालेले 21,900 रुपये आभारासह लिहिले आहेत. ते विसरून पूर्ण 81,900 मागितले असते तर गिऱ्हाइकाला रागावण्याचे योग्य कारण मिळाले असते आणि बाकीची चर्चा बाजूला पडली असती. शिवाय काही रक्कम दिली गेली, याचा अर्थ ते बिल त्यांनी मान्य केले असाही होतो. तो युक्तिवाद पत्रात करण्याची गरज नाही, आकडे तो आपोआप करतात.

‘21 ऑगस्टपर्यंत’ म्हणजे तो दिवस धरून. ‘21 ऑगस्टपूर्वी’ लिहिले असते तर तो दिवस धरायचा की नाही यावर वाद झाला असता. वारही लिहिला आहे, कारण वार लिहिला की तारीख डोक्यात बसते. ‘जमा करावी’ हा विध्यर्थ मराठीत विनंती आणि आज्ञा यांच्या मधोमध उभा असतो. येथे तेच हवे आहे.

दिवाळीच्या मागणीचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. आपल्या मनात आधी येते ते असे : ‘अन्यथा यापुढे माल पाठवला जाणार नाही.’ ‘अन्यथा’ने दार लागते. ‘होताच’ किंवा ‘तोपर्यंत’ने ते उघडे राहते, पण उंबरठा दिसतो. अर्थ एकच आहे, माल अडवलेलाच आहे. फरक इतकाच की आत येण्याचा मार्ग वाक्यातच सांगितला आहे. मात्र हे वाक्य लिहिले की पाळावेच लागते. बाकी जमा होण्याआधी माल गेला तर पुढचे कोणतेही पत्र कोणी मनावर घेणार नाही.

‘लेखी कळवावे’ हे शब्दही शोभेचे नाहीत. अशा येण्यासाठी दावा लावायची मुदत साधारणपणे तीन वर्षे असते. आपण कितीही स्मरणपत्रे पाठवली तरी ती वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने देणे मान्य असल्याचे सहीनिशी लिहून दिले, किंवा काही रक्कम दिली आणि त्याची लेखी नोंद राहिली, तर ती नव्याने सुरू होते. म्हणजे आपल्या दहा पत्रांपेक्षा त्यांच्या एका ओळीला किंमत जास्त आहे. ती ओळ लिहायला लावणारा प्रश्न पत्रात हवा. हप्त्यांची सोय देऊ केली आहे ती सौजन्य म्हणून, पण तिला उत्तर द्यायचे तर बाकी मान्य करावी लागते. आणि हरकत कळवली गेली, समजा रंग उतरल्याची तक्रार आली, तर स्मरणपत्रांचा सिलसिला तेथेच थांबवून आधी त्या तक्रारीचे पाहावे. तक्रार कानाआड करून पाठवलेले पुढचे पत्र कितीही गोड असले तरी अन्यायाचे ठरते.

कायद्याचा उल्लेख या पत्रात मुद्दाम नाही. उद्यम नोंदणी आधीपासून असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाला 2006 च्या कायद्याचे संरक्षण आहे. लेखी करार असला तरी मुदत पंचेचाळीस दिवसांपलीकडे जात नाही, करार नसेल तर ती पंधरा दिवसांची असते, आणि त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. हे हत्यार भारी आहे. म्हणूनच अकरा वर्षांच्या गिऱ्हाइकापुढे ते साठाव्या दिवशी काढू नये. 21 तारीख उत्तराविना गेली तर पुढच्या पत्रात ते एका वाक्यात, धमकी न देता सांगावे. त्यापुढची पायरी नोटिशीची आहे. तिची भाषा वेगळी आणि ती लिहिणाराही वेगळा.

शिक्षक मित्रांना एक सुचवतो. विद्यार्थ्यांना हे पत्र पाठ करायला देऊ नका. त्यांना बिलाचे आकडे आणि तारखा द्या आणि दोन रंगांच्या पेन्सिली द्या. माणसाविषयीची वाक्ये एका रंगाने आणि पैशाविषयीची दुसऱ्या रंगाने अधोरेखित करायला सांगा. एकाच वाक्याखाली दोन्ही रंग आले, तर बहुधा तेच वाक्य पुन्हा लिहावे लागेल.