शरीरात बसणाऱ्या सांध्याचा पूर्वेतिहास कसा शोधावा



खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदलायचं ठरलं की घरात दोन प्रश्न विचारले जातात: खर्च किती आणि डॉक्टर कोण. तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. जो सांधा बसणार आहे तो कोणत्या कंपनीचा, कोणत्या नावाचा, आणि त्या कंपनीला आजवर कोणता माल बाजारातून परत घ्यावा लागला? रुग्णालयांसाठी उपकरणं निवडताना त्यांचे कागद तपासणं हे माझं काम आहे. या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरबसल्या बऱ्याच अंशी मिळू शकतं. ते कसं, हे आज एका खऱ्या प्रकरणाच्या आधारानं सांगतो.

प्रकरण एएसआर नावाच्या खुब्याच्या सांध्याचं आहे. तो डेप्यू या कंपनीचा. डेप्यू ही जॉन्सन अँड जॉन्सनच्या मालकीची. 2003 च्या सुमारास हा सांधा अमेरिकेबाहेर विकायला आला. यात वाटीही धातूची आणि तिच्यात फिरणारा गोळाही धातूचा, कोबाल्ट आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचा. वाटी उथळ होती. ती बसवताना कोन थोडा चुकला तरी गोळ्याचा भार वाटीच्या कडेवर येई, धातू झिजे, त्याचे सूक्ष्म कण आजूबाजूच्या मांसात आणि रक्तात उतरत. मग सूज, वेदना, आणि शेवटी तो सांधा काढून दुसरा बसवण्याची शस्त्रक्रिया.

24 ऑगस्ट 2010 रोजी कंपनीनं हा सांधा जगभरातून मागे घेतल्याची सूचना काढली. तोवर सुमारे 93 हजार लोकांच्या शरीरात तो बसला होता. ब्रिटनच्या सांधेरोपण नोंदवहीतली आकडेवारी सांगत होती की पाच वर्षांत सुमारे बारा-तेरा टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, म्हणजे साधारण आठांतल्या एकाला. त्या काळी ब्रिटनमध्ये चांगल्या सांध्याचा मान्य निकष होता दहा वर्षांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. तो निकष या सांध्यानं निम्म्या काळातच ओलांडला होता.

आता कल्पना करा, 2010 च्या जून महिन्यात कुणी मुंबईत बसून या सांध्याचा पूर्वेतिहास शोधला असता तर काय हाती लागलं असतं? ‘परत घेतलेला माल’ अशा यादीत तो जगात सगळीकडे दिसला नसता, कारण जागतिक सूचना अजून निघायची होती. पण इतर ठिकाणी खुणा होत्या. ऑस्ट्रेलियात सांधेरोपणाची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिथल्या प्रत्येक शस्त्रक्रियेची, आणि सांधा पुन्हा बदलावा लागला तर त्याचीही नोंद तिच्यात होते. त्या नोंदवहीनं 2007 पासूनच या सांध्याकडे बोट दाखवलं होतं. 2009 च्या डिसेंबरात तो ऑस्ट्रेलियाच्या बाजारातून काढला गेला. त्याच सुमारास कंपनीनं जे जाहीर केलं त्यात कारण व्यापारी सांगितलं होतं, विक्री घटल्याचं. पुढे 2010 च्या मार्चमध्ये कंपनीनं डॉक्टरांना पत्र पाठवून काही रुग्णांत हा सांधा जास्त प्रमाणात अपयशी ठरतोय हे कळवलं. मे महिन्यात ब्रिटनच्या नियामकानं स्वतंत्र इशारा दिला.

म्हणून मी म्हणतो, परत घेण्याची सूचना ही बहुधा साखळीतली शेवटची कडी असते. अशा सूचना किती आहेत हे मोजण्यापेक्षा त्यांच्याआधीच्या तारखा वाचा. पहिली शंका कधी आली, कंपनीनं डॉक्टरांना कधी कळवलं, विक्री कधी थांबवली, आणि या सगळ्यांत किती अंतर पडलं. कंपनीचा स्वभाव त्या अंतरात दिसतो.

आणि भारतात काय झालं? केंद्रीय औषध नियामकाच्या संकेतस्थळावर या सांध्याबद्दलचा इशारा आला तो 2013 च्या डिसेंबरात, जागतिक सूचनेनंतर तीन वर्षांहून अधिक काळानं. मधल्या काळात महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं या प्रकरणाची चौकशी करून केंद्राकडे पाठपुरावा केला होता, ही गोष्ट आवर्जून सांगायला हवी. 2017 मध्ये केंद्र सरकारनं डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालानुसार भारतात सुमारे 4 हजार 700 जणांना हा सांधा बसला होता आणि त्यांतल्या बहुसंख्य रुग्णांचा मागच लागला नव्हता. त्यांच्या घरी एक छोटा कागद असता तर लागला असता. त्या कागदाकडे मी येतोच.

यातून शोधाचा पहिला नियम निघतो: फक्त भारतातल्या यादीत बघून थांबू नका. आयात केलेल्या उपकरणाची वाईट बातमी आधी तिकडेच छापली जाते.

आता प्रत्यक्ष शोध. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना किंवा रुग्णालयाच्या समन्वयकाला तीन गोष्टी लिहून मागा: बनवणाऱ्या कंपनीचं पूर्ण नाव, सांध्याचं व्यापारी नाव, आणि कॅटलॉग क्रमांक. ‘इम्पोर्टेड आहे, चांगल्या कंपनीचा आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. नम्रपणे पुन्हा विचारा. चांगले शल्यविशारद हे आनंदानं सांगतात.

नावाच्या बाबतीत एक अडचण येते. तुम्ही ‘जॉन्सन’ शोधलंत तर खुब्याचा सांधा सापडेलच असं नाही, कारण नोंद उपकंपनीच्या नावानं असते. कंपन्या एकमेकांत विलीन होतात तशी नावंही बदलतात. डेप्यूचंच पुढे सिंथेसशी मिळून डेप्यू सिंथेस झालं. म्हणून मालक कंपनी, उपकंपनी, जुनं नाव आणि उपकरणाचं व्यापारी नाव असे चारही शोध वेगवेगळे करा. इंग्रजी वर्णलेखनही तपासा. डेप्यूच्या नावात Orthopaedics हा शब्द ‘ae’ घालून लिहितात. एक अक्षर चुकलं की यादी रिकामी येते आणि आपल्याला वाटतं, चला, काही दोष नाही.

सुरुवात मी नेहमी medicaldevices.icij.org या ठिकाणी करतो. शोधपत्रकारांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2018 मध्ये अनेक देशांतल्या परत घेण्याच्या सूचना आणि सुरक्षा इशारे तिथे एकत्र केले. कंपनीचं किंवा उपकरणाचं नाव टाकलं की देशवार नोंदी येतात. जुना इतिहास बघायला ही जागा फार उपयोगी आहे. ताज्या घडामोडींसाठी मात्र मूळ नियामकाकडेच जावं लागतं. अमेरिकेच्या नियामकाची यादी शोधायला Medical Device Recalls हे शब्द आणि पुढे FDA लिहा. ब्रिटनच्या नियामकाकडे अशा पत्रांना Field Safety Notice म्हणतात. कंपनी डॉक्टरांना जे पत्र पाठवते तेच बहुतेक वेळा तिथे जसंच्या तसं वाचायला मिळतं. आपल्याकडचे इशारे cdsco.gov.in वर वैद्यकीय उपकरणांच्या विभागात असतात.

अमेरिकेची नोंद उघडलीत की तीन रकाने नीट वाचा. पहिला कारणाचा. ‘वेष्टनावर चुकीचं माप छापलं’ हे कारण वेगळं आणि ‘अपेक्षेपेक्षा जास्त रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली’ हे वेगळं. पहिलं कारखान्यातल्या एका दिवसाचं असू शकतं, दुसरं बहुधा आराखड्यातच असतं. दुसरा रकाना कोड आणि लॉट क्रमांकांचा. काही लॉटच परत घेतले की सगळेच, हे तिथे कळतं. तिसरा रकाना वितरणाचा. माल कोणकोणत्या देशांत गेला याची यादी तिथे पुष्कळदा असते, आणि तिच्यात India हा शब्द सापडला तर इथल्या वितरकाला लेखी विचारण्यासाठी तो पुरेसा आधार आहे.

तिथे वर्गही दिलेला असतो. पहिला वर्ग म्हणजे गंभीर इजेची किंवा मृत्यूची दाट शक्यता, दुसरा म्हणजे तात्पुरती किंवा उपचारांनी बरी होणारी इजा, तिसरा म्हणजे इजेची शक्यता कमी.

इथे एक सावधगिरी. नावापुढे दहा सूचना दिसल्या म्हणजे कंपनी वाईट आणि एकही दिसली नाही म्हणजे चांगली, असा हिशोब कृपा करून करू नका. मोठी कंपनी शेकडो वस्तू विकते, तिच्या नावावर सूचना असणारच. काही कंपन्या लहानशी चूकही स्वतःहून कळवतात, आणि मी त्यांना जास्त मान देतो. मला काळजी वाटते ती तोच दोष दोन-तीन वेळा पुन्हा दिसला तर, किंवा ‘व्यापारी कारणास्तव उत्पादन बंद’ असं वाक्य वाचलं तर. तसं वाक्य दिसलं की त्या वर्षीच्या सांधेरोपण नोंदवह्यांचे अहवाल उघडून बघावेत. ऑस्ट्रेलियाचा आणि इंग्लंडचा अहवाल दर वर्षी निघतो आणि कुणालाही मोफत वाचता येतो. त्यात कोणत्या सांध्याला किती वर्षांत किती टक्के पुन्हा शस्त्रक्रिया लागली हे मॉडेलच्या नावासकट दिलेलं असतं. देशी बनावटीच्या सांध्यांची तशी माहिती तिथे क्वचितच मिळते, कारण ते सांधे तिकडे बसवलेच जात नाहीत. त्यांच्याबाबत मौन हे प्रशस्तिपत्र समजू नये. तिथे डॉक्टरांना विचारा की स्वतः त्यांनी हे मॉडेल किती वर्षं वापरलंय आणि त्यांच्या रुग्णांचा अनुभव काय.

आता तो कागद. प्रत्येक रोपणाच्या पेटीत चिकटपट्ट्या असतात. त्यांच्यावर REF म्हणजे कॅटलॉग क्रमांक, LOT किंवा SN, आणि कंपनीचं नाव छापलेलं असतं. एक पट्टी रुग्णालयाच्या नोंदीत लागते, दुसरी तुमच्या डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या. तिचा फोटो काढून मुलाबाळांच्या फोनवरही ठेवा. काही वर्षांनी एखादी सूचना निघाली तर आपला सांधा तिच्यात मोडतो की नाही हे फक्त या क्रमांकावरून ठरतं.

समजा, क्रमांक जुळला. घाबरून लगेच सांधा काढायचा नसतो. रोपणाच्या बाबतीत ‘परत घेणं’ म्हणजे दुकानातला आणि रुग्णालयातला शिल्लक माल उचलणं आणि ज्यांच्या शरीरात तो आहे त्यांची तपासणी वाढवणं. आपल्या शल्यविशारदांना ती सूचना छापून दाखवा. धातूवर धातू अशा सांध्यासाठी रक्तातल्या कोबाल्ट-क्रोमियमची तपासणी होते. ब्रिटनच्या नियामकानं लिटरला सात मायक्रोग्रॅमची पातळी पुढील तपासण्यांसाठी इशारा म्हणून ठरवली होती. त्यापुढे सोनोग्राफी किंवा धातूमुळे चित्र बिघडू नये अशा खास पद्धतीचा एमआरआय करतात. दुखत नसलं तरी ही तपासणी टाळू नका, कारण झीज सुरू असतानाही काही जणांना बराच काळ काहीच जाणवत नाही.

आणि त्रास झाला असेल तर तो नोंदवा. भारतात 2015 पासून उपकरणांपासून होणाऱ्या अपायांची नोंद ठेवणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालतो. गाझियाबादचं भारतीय औषधसंहिता आयोगाचं कार्यालय तो चालवतं. तक्रार डॉक्टरांनीच केली पाहिजे असं नाही, रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही करू शकतात. अर्जात पुन्हा तेच विचारतात: कंपनी, मॉडेल, लॉट क्रमांक, शस्त्रक्रियेची तारीख आणि काय झालं. अर्जाची प्रत आणि मिळालेला संदर्भ क्रमांक डिस्चार्ज कार्डाच्या फाइलमध्येच ठेवा.