दीर्घकाळ वीज नसताना घरच्या रुग्णाची काळजी : इन्सुलिन आणि श्वासयंत्र
(आंबी, ता. मावळ येथील आरोग्य मेळाव्यातील व्याख्यान)



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले आणि घाट ओलांडून मावळातही आले. विजेचे खांब पडले, तारा तुटल्या व अनेक गावे काही दिवस अंधारात राहिली. अशा वेळी ज्या घरात इन्सुलिन घेणारा व रात्री निद्रा-श्वासरोधासाठी सीपॅप यंत्र लावणारा रुग्ण असतो, त्या घराने काय करावे, याचा विचार आज आपण करू.

समजा, असा एक रुग्ण दररोज ३६ युनिट मिश्र इन्सुलिन घेतो. घरात वापरात असलेली अर्धी बाटली आणि न उघडलेल्या दोन बाटल्या आहेत. आपल्याकडील १० मिलिलीटरच्या ४० शक्तीच्या बाटलीत ४०० युनिट असतात. म्हणजे एकूण साठा १,००० युनिटांचा, सुमारे २७ दिवसांचा. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे, हा नियम खरा. पण तो दीर्घ साठवणीसाठी आहे. मानवी इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्या सावलीत, २५ ते ३० अंशांखाली, साधारण चार आठवडे टिकतात. नेमकी मर्यादा वेष्टनावर पाहावी. शीतकपाटातून बाहेर आलेल्या बाटलीवर त्या दिवसाची तारीख लिहावी आणि तिथून दिवस मोजावेत. वरील रुग्णाचा साठा या मुदतीतच संपतो. म्हणून पावसाळी वाऱ्यात बाटल्यांसाठी बर्फ शोधत फिरण्याची गरज नाही.

उन्हाळ्यात मात्र पत्र्याच्या घरात पारा ३५ अंशांच्या वर जातो. तेव्हा मातीच्या माठाचा उपयोग होतो. बाटल्या कोरड्या डब्यात बंद करून तो डबा लहान माठात ठेवावा. तो माठ ओल्या वाळूने भरलेल्या मोठ्या मातीच्या भांड्यात बसवावा, वर ओले फडके घालावे व सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी ठेवावा. पाण्याचे बाष्पीभवन होताना उष्णता घेतली जाते, म्हणून आत थंडावा येतो. हवा दमट असेल तर बाष्पीभवन मंदावते. त्यामुळे पावसाळ्यात माठाकडून फारसा लाभ मिळत नाही. बर्फ वापरलाच तर बाटली त्याला चिकटू देऊ नये. गोठलेले इन्सुलिन पुन्हा द्रव झाले तरी निकामी समजावे. मिश्र इन्सुलिन हलक्या हाताने फिरवल्यावर एकसारखे दुधाळ न होता त्यात गुठळ्या दिसल्या किंवा काचेवर पांढरा थर बसला, तर ती बाटली टाकून द्यावी. काही वेळा डोळ्यांना काहीच दिसत नाही. नेहमीच्या आहारातही साखर सतत चढत असेल, तर नवी बाटली उघडावी व डॉक्टरांना कळवावे.

याचा अर्थ असा की, घरात शिल्लक असलेली वीज शीतकपाटापेक्षा श्वासयंत्रासाठी राखावी. समजा, घरात १२ व्होल्टची १५० अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी आहे. तिच्यात सुमारे १,८०० वॅट-तास मावतात. पण शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते, म्हणून हिशेब ९०० वॅट-तासांचाच धरावा. मध्यम दाबावर यंत्र साधारण २० वॅट घेते. हवा गरम-ओलसर करणारा भाग सुरू असेल तर हीच मागणी ६० वॅटपर्यंत जाते. इन्व्हर्टरचा स्वतःचा वापर व घट यांसाठी १५ वॅट धरू. गरम पाण्याचा भाग बंद ठेवल्यास आठ तासांत २८० वॅट-तास लागतात, म्हणजे तीन रात्री भागतात. तो सुरू ठेवल्यास ६०० लागतात आणि दुसऱ्या रात्री मध्येच यंत्र थांबते. एक छताचा पंखाही ७५ वॅट घेतो. तो त्याच बॅटरीवर लावल्यास हिशेब कोसळतो. दिवसा वीज न वापरता इन्व्हर्टर बंद ठेवावा.

बॅटरी जुनी असेल तर हे आकडे कागदावरच राहतात. त्यामुळे वीज असतानाच एका रात्री मुख्य कळ बंद करून यंत्र इन्व्हर्टरवर चालवून पाहावे. सकाळपर्यंत ते चालले का, इतकेच नोंदवावे. इन्व्हर्टर शुद्ध साईन-लहरींचा असावा. अन्यथा यंत्राचा विद्युत-जोड तापू शकतो. गरम भाग बंद करताना पाण्याची टाकी रिकामी करावी आणि नाक कोरडे पडत असल्यास डॉक्टरांना विचारूनच क्षारयुक्त थेंब वापरावेत.

बॅटरीही संपली, तर मुखवटा काढून ठेवावा. बंद यंत्राला जोडलेला मुखवटा लावून झोपू नये. अशा रात्री कुशीवर, उशाकडची बाजू उंच करून झोपावे, मद्य व झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. एखादी रात्र यंत्राविना गेल्यास दुसऱ्या दिवशी झोप अनावर होते. त्या दिवशी वाहन चालवू नये. ज्यांना हृदयविकार किंवा फुफ्फुसाचा दुसरा आजार आहे, ज्यांना सोबत प्राणवायू लागतो, त्यांनी मात्र वाट न पाहता वीज असलेल्या नातेवाइकांच्या घरी किंवा रुग्णालयात यावे.