लाइकची भिशी



दिवाळी जवळ आली की आपल्यातल्या कितीतरी घरांत छोटा धंदा सुरू होतो. कुणी आकाशकंदील करतं, कुणी पणत्या रंगवतं, कुणी पुण्याहून साड्या मागवतं. दुकान म्हणाल तर इन्स्टाग्रामचं खातं. आज या खात्याच्या तब्येतीबद्दल बोलायचं आहे, कारण ऐन हंगामात ती बिघडल्याची तक्रार मला दरवर्षी ऐकू येते. आणि बहुतेक वेळा औषध म्हणून जे घेतलं, त्यानंच दुखणं आलेलं असतं.

उदाहरण म्हणून एक ताई धरू. न्यू जर्सीत एडिसनला राहतात, कागदी आकाशकंदील करतात. खात्यावर ४८० फॉलोअर, जवळजवळ सगळे आसपासचे मराठी लोक. एका पोस्टला साधारण ४५ लाइक येतात, दोनतीन जण मेसेजमध्ये किंमत विचारतात. आकडा लहान आहे, पण खातं ठणठणीत आहे.

मग कुणीतरी त्यांना व्हॉट्सॲपच्या एका गटात घेतं. याला एंगेजमेंट पॉड म्हणतात; मी त्याला लाइकची भिशी म्हणतो. चाळीस जणी. जिनं पोस्ट टाकली तिनं लिंक द्यायची, बाकीच्या एकोणचाळीस जणींनी तासाभरात लाइक आणि कॉमेंट करायची. पैशाच्या भिशीत निदान हातात पैसे तरी पडतात. इथे ताईंच्या हातात काय पडतं ते बघा. गटातली एक मेलबर्नला मेकअप शिकवते, दुसरी दुबईत केक करते, तिसरी नाशिकची आहे, योगाचे वर्ग घेते. यातली एकही एडिसनला येऊन कंदील नेणार नाही.

पोस्ट कुणाला दाखवायची हे इन्स्टाग्राम कशावरून ठरवतं? पोस्ट आवडलेल्यांना आणखी काय आवडतं, यावरून ते अंदाज बांधतं. कंदिलावर पहिल्या तासात मेकअपवाल्या, केकवाल्या आणि योगवाल्या तुटून पडल्या, तर त्याची समजूत अशी होते की ही पोस्ट तशाच लोकांसाठी आहे. तिथे ती चालत नाही आणि थांबते. शिवाय नुसत्या लाइकवर गणित चालतच नाही. पोस्ट किती वेळ पाहिली आणि ती दुसऱ्याला पाठवली का, याला मोठं वजन आहे, असं इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जाहीरपणे सांगितलंय. भिशीतली बाई दोन सेकंदांत ‘वा, सुंदर!’ लिहून पुढच्या लिंकवर गेलेली असते.

हे ओळखायचं कसं? पोस्टखालचे Insights उघडा. लाइक दुप्पट झाले, पण फॉलोअर नसलेल्यांकडून आलेली पाहणी, सेव्ह आणि शेअर जागच्या जागी आहेत, असं दिसलं तर तो वाढीव आकडा पोकळ आहे. फॉलोअर कुठल्या शहरांतले आहेत तेही तिथेच कळतं. आणि तुमच्या मेसेजमध्ये किंमत विचारणारे किती आले? मला विचाराल तर हाच खरा आकडा.

दुसरी युक्ती फॉलो-अनफॉलोची. रोज शंभर अनोळखी लोकांना फॉलो करायचं, काही जण शिष्टाचार म्हणून उलट फॉलो करतात, आठवड्याने आपण त्यांना गुपचूप सोडून द्यायचं. समजा असं करून ताईंचे फॉलोअर दोन हजार झाले आणि पोस्टला ६० लाइक यायला लागले. पूर्वी शंभरातले नऊ जण लाइक करत होते, आता तीनच. नवी पोस्ट आधी काही मोजक्या फॉलोअरना दिसते. त्यांनी दाद दिली तर पुढे सरकते. त्या मोजक्यांत आता बहुतेक असे लोक आहेत, ज्यांना कंदिलाशी देणंघेणं नाही. म्हणजे जुन्या गिऱ्हाइकांपर्यंतही पोस्ट पोचेनाशी होते. ताई म्हणतात, इन्स्टाग्रामनं मला दाबलं. खरं तर गर्दी ताईंनीच जमवलेली असते.

रोज शंभर वेळा बोट दाबून कंटाळा आला की तिसरी पायरी येते, आणि ती सर्वांत धोक्याची: बॉट. महिना काही डॉलर द्या, आमचं सॉफ्टवेअर तुमच्या वतीनं फॉलो, लाइक, कॉमेंट करील. इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. बाहेरच्या सॉफ्टवेअरसाठी इन्स्टाग्रामनं जो अधिकृत दरवाजा ठेवलाय, त्यातून पोस्ट आधी ठरवून टाकता येते, आपल्याला आलेल्या मेसेजना उत्तर देता येतं. पण दुसऱ्याला फॉलो करणं किंवा त्याच्या पोस्टला लाइक करणं त्यातून होतच नाही. तेव्हा जो कुणी ते करून देतो म्हणतो, तो तुमचं सोंग घेऊन आत शिरतो. म्हणूनच तो तुमचा पासवर्ड मागतो. अधिकृत साधन पासवर्ड स्वतःच्या पानावर घेत नाही, ते तुम्हाला इन्स्टाग्रामच्या किंवा फेसबुकच्या पानावर नेतं. ‘मला कुणी सोडलं’ ते सांगणारी बरीचशी ॲपही याच माळेतली.

मग ताई एडिसनमध्ये, आणि त्याच क्षणी त्यांचं खातं कुठल्यातरी परदेशी सर्व्हरवरून चालतंय, असं दिसायला लागतं. २०१८ च्या नोव्हेंबरपासून इन्स्टाग्राम अशा ॲपनी केलेले लाइक, फॉलो आणि कॉमेंट काढून टाकतं आणि पासवर्ड बदलायला सांगतं. पुढची खूण म्हणजे Try Again Later हा संदेश. फॉलो, लाइक, कधी कॉमेंटही काही तास किंवा काही दिवस बंद. पुन्हा तेच केलं तर बंदी लांबते आणि शेवटी खातंच जाऊ शकतं.

बॉटला मजकूर कळत नाही, हे तर वेगळंच संकट. हॅशटॅग दिसला की तो ‘मस्त!’ टाकून मोकळा होतो. कुणी वडिलांच्या श्रद्धांजलीची पोस्ट टाकली असेल आणि त्याखाली तुमच्या नावानं ‘मस्त!’ पडलं, तर एवढ्याशा आपल्या समाजात ते कसं निस्तरणार?

अमेरिकेत धंदा करणाऱ्यांसाठी कायद्याचीही बाजू आहे. धंद्यासाठी बॉटचे फॉलोअर किंवा लाइक जाणूनबुजून विकत घेणं हे २०२४ च्या ऑक्टोबरपासून फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानं निषिद्ध आहे.

यात अडकलेल्यांनी क्रम नीट पाळावा. आधी पासवर्ड बदला, दुहेरी पडताळणी सुरू करा. मग Where you're logged in या यादीतली अनोळखी उपकरणं काढा आणि Apps and websites मधली नको ती जोडणी तोडा. भिशीच्या गटातून बाहेर पडा. बंदी आली असेल तर ती उठेपर्यंत हात लावू नका. दुसऱ्या ॲपवरून प्रयत्न केला की तो त्याच गुन्ह्यात जमा होतो. Account Status मध्ये कशावर बंधन आहे ते दिसतं, चूक वाटली तर तिथूनच दाद मागता येते. निरुपयोगी फॉलोअर काढायचे असतील तर रोज थोडे थोडे काढा. एकदम शेकडो काढणं हेही बॉटसारखंच दिसतं. पोस्टची पोच लगेच परत येत नाही, काही आठवडे आकडे खाली दिसतील.

आणि गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर आजच एका वहीत उतरवून ठेवा. खातं बंद झालं तर मेसेजमधल्या ऑर्डरी त्याच्याबरोबर आत राहतात, आणि दिवाळी काही अपिलाच्या निकालासाठी थांबत नाही.