पेनड्राइव्ह ते क्लाउड : सहा दिवसांत

केदारखेड्यातल्या तीन टेबलांच्या एखाद्या कार्यालयाचं उदाहरण घेऊ. सभासदांची यादी तीन पेनड्राइव्हवर आहे आणि तिन्ही याद्या वेगळ्या आहेत.

सोमवारी कार्यालयाच्या नावानं गूगल खातं उघडा; 15 जीबी जागा फुकट मिळते. मंगळवारी पेनड्राइव्ह गोळा करून व्हायरस तपासा. मग खरी यादी ठरवा. फाइलच्या तारखेवर विसंबू नका, शेवटची नोंद उघडून पाहा. बुधवारी ती एकच प्रत गूगल ड्राइव्हवर चढवा. गुरुवारी कोणी फक्त वाचायचं, कोणी बदल करायचा, हे नेमून द्या. शुक्रवारपासून ईमेलला फाइल न जोडता लिंक पाठवा. शनिवारी एक चाचणी फाइल मुद्दाम डिलीट करून ट्रॅशमधून परत आणा. तिथं ती 30 दिवसच राहते.

आणि जुने पेनड्राइव्ह महिनाभर कुलपात ठेवा, लगेच पुसू नका.