बादली गेली, भारा आला, पण मुलगी तीच!

आपल्या गोराईत आणि आसपासच्या गावांत बचत गटाच्या बाया बॉटल मसाला करतात, सुके बोंबील विकतात, लोणची घालतात. बाटलीवर लावायचं लेबल आता बऱ्याच जणी मोबाईलवरच काढून घेतात. काय चित्र हवं ते लिहायचं, की ते मिनिटभरात तयार. त्या लिहिलेल्या सूचनेला प्रॉम्प्ट म्हणतात. पण असं काढलेलं चित्र नकळत एखाद्या मोठ्या कंपनीच्या मार्क्यासारखं निघू शकतं. ते कसं ओळखायचं आणि कसं टाळायचं, ते आज पाहू.

आधी आपल्याच उपनगरातल्या एका कंपनीचा खटला सांगते. विलेपार्ल्याची पार्ले कंपनी तुम्हाला माहीत आहे. तिच्या ग्लुको बिस्किटांच्या पुड्यावर पूर्वी एक चित्र असायचं. मधोमध पाण्याची बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्या, मागे शेतातलं घर आणि झाडं. पुड्याचा हा सगळा देखावा कंपनीने नोंदवून घेतला होता. 1961 साली पार्लेच्या लक्षात आलं, की मैसूरची जे. पी. अँड कंपनी ग्लुकोज बिस्किटं विकते आणि तिच्या पुड्यावरही मुलगी, गाय, कोंबड्या आणि मागे घर आहे. प्रकरण कोर्टात गेलं. फरक तर दिसतच होते. या मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा होता आणि हातात विळा. गाई वेगळ्या, कोंबड्याही वेगळ्या. खालच्या दोन्ही कोर्टांनी पार्लेच्या विरोधात निकाल दिला.

1972 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं. गिऱ्हाईक दोन पुडे शेजारी ठेवून फरक मोजत बसत नाही. त्याच्या मनात एक मोघम आठवण असते आणि तिच्या भरवशावर ते पुडा उचलतं. दोन्ही पुड्यांचा आकार जवळजवळ सारखा, रंगसंगती सारखी, एक हात वर केलेली मुलगी, जवळ गाय, पुढे कोंबड्या, मागे कुंपणाचं घर. एवढं जुळल्यावर गिऱ्हाईक फसणारच. म्हणून मैसूरच्या कंपनीला तो पुडा वापरायला मनाई झाली.

आता मोबाईलकडे येऊ. चित्र काढणारं साधन असंख्य जुनी चित्रं पाहून तयार झालेलं असतं. तुम्ही मोघम लिहिलंत, तर जे चित्र त्याने सगळ्यात जास्त पाहिलं त्याच्या जवळपास ते जातं. आणि सगळ्यात जास्त काय दिसतं? नावाजलेल्या कंपन्यांचीच पाकिटं.

समजा एका गटाने लिहिलं, "मसाल्याचं लाल पाकीट, त्यावर हसरी बाई, मधोमध मोठं नाव, खाली मसाल्यांची रास, मोठ्या ब्रँडसारखं उठावदार." यातला प्रत्येक शब्द बाजारातल्या रॅककडेच नेतो. "अमक्यासारखं" म्हटलं, की आपण स्वतःच नक्कल मागितलेली असते. "अमक्या कंपनीसारखं नको" असं लिहिलं तरी ते नाव सूचनेत आलंच. नकार साधनाला अनेकदा नीट कळत नाही आणि नेमकं तेच डोकावतं. म्हणून प्रॉम्प्टमध्ये कंपनीचं नाव कुठल्याच कारणाने येऊ देऊ नका.

चित्र ओळखीचं वाटलं, की आपण काय करतो? लुगडं लाल होतं ते हिरवं करतो, बाई डावीकडे होती ती उजवीकडे नेतो. म्हणजे बादलीच्या जागी भारा! मांडणी तीच राहिली तर असे दहा बदल करूनही उपयोग नाही. मांडणीच वेगळी हवी.

ती आपल्या मालातून काढायची. बॉटल मसाल्याला हे नाव पडलं, कारण तो गडद काचेच्या बाटल्यांत भरून ठेवतात. पावसाच्या आधी, कडक उन्हात मिरच्या वाळवायच्या, मसाले भाजायचे आणि लाकडी उखळीत लांब मुसळांनी कुटायचे. यातली एकच गोष्ट निवडा. मग सूचना अशी लिहिता येईल, "तपकिरी बाटलीसाठी उभं, अरुंद लेबल. फिकट निळी पार्श्वभूमी. वरच्या भागात लाकडी उखळ, थेट वरून पाहिल्यासारखी गोल, तिच्यात तिरकं मुसळ. गडद निळ्या जाड रेषा, लाकडी ठशाने छापल्यासारख्या. खालचा तिसरा हिस्सा कोरा." बघा, यात वस्तू कोणती, ती कुठून दिसते, रंग दोनच आणि रेष कशी, हे सगळं आपण ठरवलं. साधनाला रॅककडे पळायला वाव कमी राहिला. कोऱ्या जागेत नाव नंतर आपण घालायचं, कारण साधन देवनागरी अक्षरं पुष्कळदा मोडकी काढतं.

नावाचंही तसंच आहे. "बॉटल मसाला" हे पदार्थाचं नाव, ते सगळ्यांचं. "गोराई" हे गावाचं नाव. दोन्ही लेबलवर खुशाल लिहा, पण एकट्या आपल्या गटाचा मार्का म्हणून ती नोंदवायला गेलात तर अडचण येईल. मार्क्यासाठी तिसरं, स्वतःचं नाव शोधा. प्रसिद्ध नावातलं एखादं अक्षर बदलून मात्र ते करू नका. कानाला सारखं लागलं तरी ते सारखंच धरलं जातं.

छापण्यापूर्वी तीन चाचण्या करा. पहिली आठवणीची. गटाबाहेरच्या पाच जणींना दुकानाच्या अंतरावरून लेबल दोन सेकंद दाखवा, झाकून ठेवा आणि विचारा, "कुणाचा माल वाटला?" दोघींनी एकाच कंपनीचं नाव घेतलं तर ते चित्र बाजूला ठेवा. दुसरी, तेच चित्र गुगल लेन्सवर टाकून त्यासारखी कुठली चित्रं येतात ते पाहा. तिसरी, ipindia.gov.in या सरकारी संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा Public Search आहे. तिथे मसाल्यासाठी वर्ग 30 आणि सुक्या मासळीसाठी वर्ग 29 घेऊन आपलं नाव शोधा. Phonetic हा पर्याय निवडला, की उच्चाराने जवळची नावंही दिसतात.

या तीन चाचण्यांतून गेलं म्हणजे शंभर टक्के सुटलो, असं नाही. नोंद नसलेला, पण बाजारात रुळलेला मार्काही हक्क सांगू शकतो. आणि "आम्हाला माहीत नव्हतं, मोबाईलने काढलं" एवढं म्हटल्याने मनाई टळत नाही. मग छापलेली लेबलं वाया जातात आणि भरलेल्या बाटल्या पुन्हा उघड्या पडतात.

म्हणून पहिल्या खेपेला पन्नासच लेबलं काढा. हजारांनी छापायची वेळ आली, की आधी ट्रेडमार्कचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा. आणि ज्या सूचनेवरून चित्र निघालं ती सूचना, कागदावरचं पहिलं कच्चं चित्र आणि तारीख गटाच्या वहीत चिकटवून ठेवा. उद्या कुणी विचारलं, तर ही मांडणी कुठून आली ते त्या वहीतून दाखवता येईल.