छातीचा उलटा फोटो

(उल्हासनगर कॅम्प नं. ३ येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



छातीचा फोटो दिव्यावर लावताना आमच्याकडे एक सवय असते. हृदय डावीकडे दिसलं की फोटो सरळ, उजवीकडे दिसलं की उलटा. फिरवायचा आणि पुढे वाचायचा. आज मी ज्या मुलाबद्दल बोलणार आहे, त्याचा फोटो असा दोनदा फिरवून वाचला गेला होता. हा मुलगा म्हणजे माझ्या प्रॅक्टिसमधले तीन-चार रुग्ण मिसळून केलेला एक मुलगा आहे, तेव्हा आपल्या गल्लीतला कोण म्हणून शोधू नका.

वय अकरा. आई सांगत होती, "याला जन्मापासून सर्दी आहे." आया असं म्हणतात तेव्हा आपण ते अतिशयोक्ती म्हणून सोडून देतो. हिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. मूल पूर्ण दिवसांचं, वजन चांगलं, जन्मल्याबरोबर रडलं. दुसऱ्या दिवशी मात्र धाप लागली आणि त्याला आठवडाभर काचेत ठेवून ऑक्सिजन द्यावा लागला. त्यानंतर नाक कधी कोरडं नाही, उन्हाळ्यातही नाही. खोकला कोरडा नव्हे, भरलेला. सकाळी उठला की हिरवट बेडका. दोन्ही कान वाहायचे, शाळेत पहिल्या बाकावर बसवलं तरी निम्मं ऐकू यायचं नाही. आणि फाइलमध्ये टीबीच्या औषधांचे दोन कोर्स. बेडक्यात टीबीचे जंतू एकदाही सापडले नव्हते.

मी स्टेथोस्कोप नेहमीप्रमाणे डावीकडे ठेवला. ठोके लांबून आल्यासारखे. उजवीकडे ठेवला तर अगदी कानाशी. मग जुना फोटो काढला आणि हृदयाकडे न बघता दोन गोष्टी पाहिल्या: बाजू दाखवणारं शिशाचं अक्षर कुठे आहे, आणि जठरातल्या हवेचा काळा फुगा कुठे आहे. हा फुगा एरवी डाव्या श्वासपटलाखाली असतो. इथे अक्षर सरळ होतं आणि फुगा उजवीकडे होता. म्हणजे फोटो बरोबर होता, मुलगाच आतून आरशासारखा उलटा होता.

हृदय उजवीकडे, नाकाच्या पोकळ्यांमध्ये पू, आणि श्वासनलिका रुंदावून त्यात कफ साचलेला. या तिन्ही गोष्टी एकत्र येतात हे झुरिचच्या मानेस कार्टागेनर यांनी १९३३ साली मांडलं आणि त्यांचं नाव या आजाराला चिकटलं. पण हृदयाची बाजू आणि नाकातला पू यांचा एकमेकांशी संबंध काय, हे त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षं कुणाला सांगता आलं नाही. ते उत्तर फुप्फुसाच्या डॉक्टरांकडून आलं नाही. ते आलं समुद्रातल्या एका काटेरी प्राण्याकडून.

त्याआधी नाकात काय असतं ते बघू. नाकापासून श्वासनलिकेच्या बारीक फांद्यांपर्यंत आतून जे अस्तर आहे, त्याच्या पेशींवर केस असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना पक्ष्माभिका म्हणतात, दवाखान्यात आम्ही सिलिया म्हणतो. एका पेशीवर साधारण दोनशे. एका केसाची लांबी सहा-सात मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले सहा-सात. हे केस सेकंदाला दहा ते पंधरा वेळा वल्ह्यासारखे मारतात आणि वरचा चिकट पडदा, त्यात अडकलेल्या धुळीसकट आणि जंतूंसकट, घशाकडे सरकवतात. घशात आलं की आपण ते नकळत गिळतो. शुक्राणूची शेपटी, म्हणजे कशाभिका, याच घडणीची, फक्त कितीतरी लांब.

हा केस आडवा कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की एक चक्र दिसतं. कडेने नऊ जोडनळ्या, मधोमध दोन सुट्या नळ्या. या सांगाड्याला अ‍ॅक्सोनीम म्हणतात. मधल्या जोडीकडे कडेच्या प्रत्येक जोडनळीतून एक आरा जातो, आणि शेजारशेजारच्या जोडनळ्या लवचीक दुव्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. स्टॉकहोमचे ब्यॉर्न आफझेलिअस यांनी १९५९ साली समुद्री साळिंदराच्या म्हणजे सी-अर्चिनच्या शुक्राणूच्या शेपट्या कापून पाहिल्या. तेव्हा प्रत्येक जोडनळीला शेजारणीकडे झेपावणारे दोन बारीक हात आहेत असं त्यांना दिसलं, एक बाहेरचा, एक आतला. पुढे इयन गिबन्स यांनी हे हात वेगळे काढले आणि एटीपी हे पेशीचं इंधन तेच जाळतात हे दाखवलं. १९६५ साली त्यांना नाव मिळालं डायनीन. डाइन हे बल मोजायचं एकक, त्यावरून.

हा हात करतो काय? त्याचं बूड आपल्या नळीवर घट्ट असतं. टोकाने तो शेजारची नळी पकडतो, एटीपी मोडतो, आणि तिच्यावरून केसाच्या बुडाकडे पाऊल टाकतो. तो स्वतः जागचा हलू शकत नाही, म्हणून शेजारची नळी टोकाकडे ढकलली जाते. बाहेरचे हात नळीच्या लांबीवर दर २४ नॅनोमीटरला एक अशा ओळीने बसलेले असतात. त्यामुळे ढकलणारा एक नसतो, एका केसात असे हजारो असतात.

आता कुणीही विचारेल की नळी सरकली तर केस वाकेल कसा. हे समजावायला आपल्या गावात उदाहरण शोधावं लागत नाही. जीन्स शिवणारे इथे बसले असतील, त्यांनी सांगावं. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून शिवताना खालच्या पट्टीला मशीनचे दाते पुढे ओढतात आणि वरची मागे रेंगाळते. दोन्ही सुट्या असत्या तर नुसत्या पुढेमागे झाल्या असत्या. पण टाक्यांनी बांधलेल्या असल्यामुळे तो फरक कुठेतरी जिरवावा लागतो, आणि शिवण वळते. केसातही तेच आहे. बूड पक्कं रोवलेलं, मध्ये दुवे, म्हणून सरकण्याचं वाकणं होतं. चक्राच्या एका बाजूचे हात आधी ओढतात, मग ते सोडतात आणि समोरच्या बाजूचे ओढतात; सगळ्यांनी एकदम ओढलं तर केस ताठच राहील.

याचा पुरावा समर्स आणि गिबन्स यांनी १९७१ साली दिला, आणि तो मला फार आवडतो. त्यांनी शेपटीचे तुकडे घेतले आणि ट्रिप्सिन या पाचक विकराने मधले दुवे विरघळवले. थोडक्यात, टाके उसवले. मग एटीपी घातलं. तुकडे वाकले नाहीत. नळ्या एकमेकींवरून घसरत बाहेर आल्या आणि तुकडा मूळ लांबीच्या कितीतरी पट लांब झाला.

परत आफझेलिअस यांच्याकडे जाऊ. सत्तरच्या दशकात त्यांच्याकडे मूल होत नाही म्हणून आलेल्या काही पुरुषांचे शुक्राणू आले. ते जिवंत होते, पण हलत नव्हते. कापून पाहिले तर नऊ जोड्या जागेवर, मधली जोडी जागेवर, हात मात्र गायब. त्यांच्यातल्या बहुतेकांना लहानपणापासून छातीचा आणि नाकाचा त्रास होता, काहींचं हृदय उजवीकडे होतं. १९७६ साली आफझेलिअस यांनी हे सगळं एका सूत्रात ओवलं आणि हृदयाबद्दल एक धाडसी अंदाज केला. गर्भात कुठेतरी काही सिलिया डावं-उजवं ठरवत असाव्यात. त्या बंद असतील तर हृदय कुठे जाईल हे नशिबावर, नाणं उडवावं तसं.

अंदाज बरोबर निघाला. १९९८ साली तोक्योमध्ये हिरोकावा यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या गर्भात एक छोटा खळगा दाखवला. तिथल्या पेशींवर एकेकच केस असतो आणि तो भोवऱ्यासारखा गोल फिरतो. त्या फिरण्याने खळग्यातला द्रव डावीकडे वाहतो आणि गर्भाला डावी बाजू कळते. प्रवाह नसेल तर निम्मे सरळ, निम्मे उलटे. थोडे अधलेमधलेही, आणि त्यांच्या हृदयात दोष असू शकतो. गंमत अशी की या खळग्यातल्या केसांना मधली जोडी नसते. म्हणून ज्या कुटुंबात बिघाड मधल्या जोडीकडे जाणाऱ्या आऱ्यांत असतो, तिथे आजार सगळा असतो, पण हृदय उलटं कधीच नसतं.

आता आपल्या मुलाकडे. ठणठणीत माणसाच्या सर्दीतही केस तात्पुरते लुळे पडतात, म्हणून नवा संसर्ग उतरल्यावर चार-सहा आठवडे थांबलो. मग सॅकरिनचा बारीक दाणा नाकात थोडा आत ठेवला आणि त्याला मान स्थिर ठेवून, न शिंकता बसायला सांगितलं. निरोगी माणसाला वीस-तीस मिनिटांत घशात गोड लागतं. याला तासभर काही लागलं नाही. ही जुनी, स्वस्त चाचणी आहे. लहान मुलं तेवढी बसत नाहीत, आणि तिच्यावर निदान करू नये, फक्त शंका पक्की करावी. मग नाकातून ब्रशने पेशी काढून मुंबईला पाठवल्या. जलद कॅमेऱ्याखाली केस उभे होते, हलत नव्हते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात बाहेरचे हात नव्हते. रक्ताच्या जनुकीय तपासणीत डीएनएएच-५ या जनुकाच्या दोन्ही प्रतींत एकच चूक निघाली. हा जनुक म्हणजे बाहेरच्या हाताचा मुख्य भाग बनवण्याची कृती. बऱ्याच रुग्णांत, सुमारे पाचातल्या एकात किंवा थोड्या अधिकांत, चित्र अगदी सामान्य दिसतं आणि तरीही केस नीट मारत नाहीत. म्हणून नुसतं चित्र चांगलं आलं की आजार नाही, असं म्हणता येत नाही.

दोन्ही प्रतींत एकच चूक आली कुठून? मी विचारलं, "मुलगी घरातलीच केलीय का?" वडील म्हणाले, "हो, सख्ख्या मामाची." आपल्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानतात. एकेक बिघडलेली प्रत घेऊन आई आणि वडील दोघेही ठणठणीत असतात. दोघांकडची बिघडलेली प्रत मुलात एकत्र आली की आजार होतो, आणि तशी शक्यता प्रत्येक गरोदरपणात चारातली एक असते.

टीबीचं काय? आपल्या भागात टीबी भरपूर आहे, आणि चालू औषधं कुणीही आपल्या मनाने बंद करू नयेत. पण मोठ्या माणसातला टीबी बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागाला धरतो. सिलियांचा हा आजार मधल्या आणि खालच्या भागात कफ साचवतो. जन्मापासूनचा भरलेला खोकला आणि वारंवार निगेटिव्ह बेडका एकत्र दिसला की तिसरा कोर्स लिहिण्याआधी पेन खाली ठेवावं. धूळ आणि विडीनेही सिलिया बिघडतात, पण त्या माणसाला सुरुवातीची चांगली वर्षं आठवतात. या मुलाला असं एकही वर्ष नव्हतं.

नवा हात बसवणारं औषध आज नाही. रोज छातीची फिजिओथेरपी, खारट पाण्याची वाफ, कफ तपासून त्यानुसार प्रतिजैविकं आणि कानांकडे लक्ष, एवढ्यावर फुप्फुसं पुष्कळ वर्षं टिकवता येतात. एक गोष्ट मात्र घरच्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी. केस बंद पडलेल्या माणसाकडे कफ बाहेर काढायचं एकच साधन उरलेलं असतं, ते म्हणजे खोकला. तो दाबणारं सिरप त्याला देऊ नका.

त्या मुलाला सात वर्षांची बहीण आहे. तिलाही जन्मापासून सर्दी, तिचाही कान वाहतो. पण तिचा फोटो सरळ, हृदय डावीकडे, त्यामुळे तिला "सर्दीचा कोठा" म्हणून सोडून दिलं होतं. तिचं रक्त पाठवलं. चूक तीच, दोन्ही प्रतींत.