दिवाळीच्या भक्तिगीतातील दिवा



या अधिवेशनाचे अध्यक्षपद आपण माझ्याकडे सोपवलेत याबद्दल मी आपला ऋणी आहे. मिळालेल्या वेळात भक्तिगीताच्या सर्व अंगांचा परामर्श घेण्याऐवजी एकाच बाबीचा थोडा खोलवर विचार करावा असे मी योजिले आहे, आणि ती बाब म्हणजे दिवाळीच्या भक्तिगीतातील दिवा. आश्विन वद्य द्वादशीपासून भाऊबिजेपर्यंत घरोघरी दिवे लागतात, कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत देवळांत पहाटेचा काकडा पेटतो, आणि या महिन्याभरात भजनी मंडळांना जी नवी पदे लागतात त्यांत दिव्याचा उल्लेख नसलेले पद सापडणे कठीण. परंतु तो दिवा त्या पदात काही काम करतो की उंबरठ्यावरच्या रांगोळीसारखा केवळ शोभेला असतो, हे पारखून पाहण्याचा प्रघात मात्र आपल्यात नाही.

ही पारख करण्याची एक साधी रीत मी आपल्यापुढे ठेवतो. या परिषदेकडे आलेल्या रचनांत एक वाटणी वारंवार आढळते: पणती ज्ञानाची, तेल भक्तीचे, वात वैराग्याची आणि ज्योत प्रेमाची. ऐकताना ती गोड वाटते, आणि चालीवर म्हटली तर श्रोते मानाही डोलावतात. आता यातील नावांची अदलाबदल करून पाहा. पणती भक्तीची करा, तेल वैराग्याचे करा, वात प्रेमाची आणि ज्योत ज्ञानाची. पदाच्या अर्थात काडीचाही फरक पडत नाही, कोणतेही चरण अडखळत नाही, कोणाही श्रोत्याला काही चुकल्यासारखे वाटत नाही. ज्या रूपकातील अवयव असे मोकळेपणी जागा बदलू शकतात, त्या रूपकात कवीने दिवा पाहिलेला नसतो; त्याने दिव्याच्या भागांची यादी आणि सद्गुणांची यादी एकमेकींसमोर मांडलेली असते. तेल तेलासारखे वागत नाही, वात वातीसारखी जळत नाही, म्हणूनच कोणाचेही नाव कोणालाही चालते.

याच्या उलट, शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशास सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायातील दिवाळी आठवा. अवतार घेऊन भगवंत काय करतात हे सांगताना ज्ञानेश्वर विवेकाला दिवा मानतात, त्या दिव्यावर धरलेली अविवेकाची काजळी दूर करण्याचे काम भगवंतांकडे देतात, आणि त्यानंतर योग्याच्या वाट्याला जे येते त्याला ते कधीही न सरणारी दिवाळी म्हणतात. येथे अदलाबदल करून पाहा, ती साधतच नाही. कारण काजळी बाहेरून येऊन दिव्याला चिकटत नाही. जळणाऱ्या वातीच्याच टोकाला ती धरते, आणि तीच ज्योतीला मंद करते. अविवेकाला जर त्यांनी अंधार म्हटले असते तर विवेक आणि अविवेक हे दोन परस्परविरोधी पदार्थ झाले असते. त्याला काजळी म्हटल्याबरोबर अविवेक हा विवेकाच्याच जळण्यातून निपजणारा, पेटत्या माणसालाच जडणारा दोष ठरतो. एवढा मोठा विचार त्यांनी स्वतंत्र वाक्यात सांगितलेला नाही. रोज संध्याकाळी समईची वात पुढे सारून तिचे काळे टोक झाडणाऱ्या कोणाही गृहिणीला तो उपजत कळतो, कारण तिच्या हाताला तो ठाऊक असतो. आंतरिक प्रकाशाचे गीत लिहू इच्छिणाऱ्याने हे तंत्र शिकावे, एवढेच नव्हे तर माझ्या मते यापलीकडे शिकण्यासारखे फारसे काही नाही: दिव्याची एकच वागणूक निवडावी, ती खरी असावी, आणि तिचे बोट पदाच्या अखेरीपर्यंत सोडू नये.

जुन्या दफ्तरांतून देवस्थानांच्या नेमणुका वाचताना हाच विवेक व्यवहाराच्या भाषेत दिसतो. नंदादीपासाठी सरकारातून जे मुक्रर होई ते तेल असे, अगर तेलाच्या खर्चाकरिता दिलेले उत्पन्न असे. प्रकाश कोणालाही इनाम देता येत नाही, तेल देता येते, हे त्या कारकुनांना पक्के माहीत होते. आपल्या कवींनी मात्र तेलाचा जमाखर्च सोडून थेट प्रकाशच वाटावयास घेतला आहे.

आणखी एक दोष येथे सांगितला पाहिजे, कारण तो सद्हेतूने घडतो. अंतरीचा दिवा श्रेष्ठ हे ठसवण्यासाठी पुष्कळ पदकर्ते बाहेरच्या दिव्याची निर्भर्त्सना करतात. पणत्या व्यर्थ, आकाशकंदील व्यर्थ, आरास व्यर्थ, असा सूर लावतात. ज्या बाईने नुकतीच तुळशीपुढे पणती ठेवली आहे, तिलाच ते पद म्हणावयाचे असते. तिच्या हातातील दिवा हिसकावून घेऊन तिच्या अंतरात दुसरा कसा लावणार? आतला दिवा बाहेरच्या दिव्याच्याच वातीवर पेटवावा लागतो. तिने हाताने जे केले आहे, त्याचाच अर्थ तिला पदातून परत मिळाला पाहिजे.

हे सारे तत्त्वरूपाने बोलून थांबणे मला प्रशस्त वाटत नाही, म्हणून एक पद कसे घडते ते आपल्यासमोरच घडवून दाखवतो. विषय घेऊ या नव्या पणतीचा. कुंभाराकडून आणलेली पणती तशीच कोरडी वापरली, तर भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून ती स्वतःच तेल शोषून घेते, खाली फरशीवर तेलाचा गोल डाग पडतो आणि वात लवकरच कोरडी पडून विझते. म्हणून जाणत्या घरांत नव्या पणत्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात, मग उपसून निथळवतात. छिद्रांत पाणी भरलेले असल्यामुळे घातलेले तेल वातीला मिळते. या कृतीत भक्ताची एक ओळखीची अवस्था आहे: भक्ती भरपूर केली जाते, परंतु ती देवापर्यंत पोहोचण्याआधी करणाऱ्याचे मनच ती पिऊन टाकते. छंद मोठ्या अभंगाचा घेतो, म्हणजे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, व दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक.

कोरडी पणती
तेल पिई सारे
ज्योतीला न उरे
थेंब एक

तैसे माझे मन
भक्ती करी गोळा
मिरवी सोहळा
आपुलाच

भिजू दे रे देवा
रात्रभर माती
मग लाव वाती
नामाचिया

पहिल्या कडव्यात कोणताही गुण अगर दुर्गुण नाही, हे ध्यानात घ्यावे. आजच्या शहरांतील पुष्कळ घरांत मेण भरलेली तयार पणती येते, अगर विजेची माळ लागते, आणि तेथील श्रोत्याला पणती भिजवण्याची रीत माहीत असेलच असे नाही. म्हणून कोरडी पणती काय करते ते पदानेच आधी दाखवले पाहिजे, आणि ते निखळ वर्णनाने दाखवले तरच पुढचे त्याला पटते.

दुसऱ्या कडव्याचा दुसरा चरण प्रथम ‘शुष्क अहंकारी’ असा सुचतो. अक्षरे सहाच भरतात, अर्थही बरोबर आहे, आणि तरीही तो टाकावा लागतो. एक तर त्याने अहंकाराचे नाव घेऊन श्रोत्याने स्वतः ओळखावयाचे ते त्याच्या आधीच सांगून टाकले. आणि दुसरे, ‘शुष्क’ मधले जोडाक्षर धुमाळीच्या ठेक्यावर टाळकऱ्यांच्या समूहाने म्हटले असता जीभ अडते व पुढचे अक्षर दडपले जाते. भजनात चरण घोळवून, उलटसुलट करून म्हणावयाचे असतात, म्हणून जे एकट्याच्या कंठात चालते ते दहा जणांच्या कंठात चालेलच असे नाही. ‘भक्ती करी गोळा’ यात अहंकाराचा उच्चार नाही, परंतु गोळा करण्याची क्रिया आहे, आणि ती तेल पिण्याच्या क्रियेशी जुळते.

तिसऱ्या कडव्यात अश्रूंचा मोह अनिवार होतो. मातीला भिजवणारे पाणी पश्चात्तापाच्या आसवांचे करावे असे मनात येते, आणि तेथेच पद खोटे होण्याचा संभव असतो. पणती चार थेंबांनी भिजत नाही. ती पूर्ण बुडवून, कोणी पाहत नसताना, रात्रभर तशीच ठेवावी लागते. अश्रू आणले की ते क्षणाचे नाट्य होते. ‘रात्रभर’ हा शब्द ठेवला की साधनेला लागणारा काळ त्यात आपोआप येतो, आणि भिजवणारे पाणी कोणते हे न सांगितल्याने प्रत्येकाला आपापले पाणी आठवण्याची मुभा राहते.

अभंगाच्या रीतीप्रमाणे नाममुद्रेचे चौथे कडवे येथे यावयास हवे, आणि ज्याला आपले नाव घालावयाचे असेल त्याने ते अवश्य घालावे; परंतु त्या कडव्यात ज्योत पेटली, अंधार पळाला, जग उजळले असे लिहू नये अशी माझी आग्रहाची सूचना आहे. या पदातील भक्ताने आता कोठे भिजण्याची प्रार्थना केली आहे. दुसऱ्याच क्षणी त्याच्या हाती लखलखता दिवा देणे म्हणजे भक्ती गोळा करून सोहळा मिरवणाऱ्या त्याच मनाला पुन्हा मोकळे रान देणे होय. प्रकाश पदाबाहेर, म्हणणाऱ्याच्या पुढ्यातील खऱ्या पणतीत असतोच.

अशा वागणुकी दिव्यात आणखी कितीतरी पडून आहेत. वात तेलात मागे सरकली तर बुडून विझते आणि फार पुढे ओढली तर धुरकट जळते, यात संसार आणि विरक्ती यांच्या मापाचे अख्खे पद आहे. धनत्रयोदशीच्या सांजेला यमासाठी लावलेल्या दिव्याची ज्योत दक्षिणेकडे करतात. ज्या दिशेला एरवी दिव्याचे तोंड करावयाचे नाही असा दंडक आहे, तिकडे वर्षातून एकदा आपण होऊन उजेड करावयाचा. मृत्यूच्या दिशेलाही दिवा दाखवणाऱ्या मनाचे पद मला फार हवेसे वाटते, आणि येथे बसलेल्या तरुण कवींपैकी कोणीतरी ते लिहावे अशी माझी त्यांना विनंती आहे.

आता परिषदेकडे आलेल्या रचनांच्या वाचनास प्रारंभ व्हावयाचा आहे. कार्यवाहांनी जाबता वाटला आहेच; त्यात माझी एवढीच दुरुस्ती आहे की प्रत्येकाने आपले पद प्रथम चालीविना, सावकाश वाचून दाखवावे, श्रोत्यांनी त्यातील दिव्याची वागणूक तपासावी, नावांची अदलाबदल करून पाहावी, आणि मगच पेटी व टाळ हाती घ्यावेत. पहिल्या कवीला मी व्यासपीठावर पाचारण करतो.